‘नंतर’ खोडा आणि ‘म्हणून’ लिहून पाहा

प्रश्न: बडोद्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात ‘सयाजीराव गादीवर कसे आले’ याची टाइमलाइन लावायची आहे. १८५६ ते १८८१ मधल्या एकतीस तारखा जमवल्या, चार्ट दिसायला छान झालाय. पण बघणारे दोन मिनिटांत पुढे सरकतात आणि ‘का झालं’ हे कुणालाच कळत नाही. बाण काढून पाहिले तर सगळ्याचं कोळ्याचं जाळं झालं. कारण आणि परिणाम दिसतील अशी टाइमलाइन नक्की कशी करतात?

उत्तर:

तुमच्या एकतीस तारखा बरोबर असतील, पण त्या एका प्रश्नाच्या नाहीत. तुमच्या शीर्षकात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. १८७५ मध्ये बडोद्याची गादी रिकामी का झाली? रिकामी झाल्यावर इंग्रजांनी संस्थान खालसा का केलं नाही? आणि दत्तक म्हणून कवळाण्याच्या गोपाळरावांचीच निवड का झाली? या तिन्हींचे बाण एकाच कागदावर काढले की जाळं होणारच. तिथे बाण काढणाऱ्याची चूक नसते.

मी पंचवीस वर्षं शाळांसाठी आणि लहान संग्रहालयांसाठी असे तक्ते करतोय, रावपुऱ्यातच राहतो, आणि नेमका हाच विषय दोनदा केलाय. त्यातला पहिला चुकलेला होता, त्याबद्दल पुढे लिहितो. भिंत किती मोठी, बघणारे कोण, उभं राहून वाचणार की शिक्षक समजावणार, यावर बरंच ठरतं. वाचनालयात माणूस उभ्या उभ्या तीन-चार मिनिटं देतो असं धरून सांगतो. विषय बडोद्याचा आहे म्हणून आणखी एक सोय आहे: इथे निर्णय कागदावर झाले, जाहीरनामे निघाले, चौकशी बसली. कोणी काय कारण दिलं ते सापडतं. ‘बडोद्यात मराठी वस्ती कशी वाढली’ असा विषय असता तर ही पद्धत इतकी नेमकी चालली नसती, कारण तिथे कुणी एकाने ठरवून काही केलेलं नसतं.

पहिल्या प्रश्नाला मुख्य करा. दुसरा खाली पट्टीत जाईल, तिसरा तक्त्याबाहेर.

आता काम उजवीकडून सुरू करा. आपण सगळे डावीकडून, म्हणजे जुन्या तारखेपासून लिहायला लागतो आणि तिथेच फसतो, कारण पुढे जाताना प्रत्येक गोष्ट महत्त्वाची वाटते. उजव्या टोकाला एक कार्ड लावा: ‘२७ मे १८७५. जमनाबाईंनी गोपाळरावांना दत्तक घेतलं, नाव सयाजीराव.’ त्याच्या मागे जाऊन एवढंच विचारा की हे घडायला लगेच आधी काय असावं लागलं. गादी रिकामी असावी लागली आणि जमनाबाईंना, म्हणजे आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवेला, दत्तक घ्यायची परवानगी असावी लागली. गादी रिकामी कशी झाली? खंडेरावांनंतर गादीवर बसलेले त्यांचे भाऊ मल्हारराव यांना पदच्युत करणारा जाहीरनामा १९ एप्रिल १८७५ चा आहे. त्यातच मल्हाररावांच्या संततीचा हक्कही काढून घेतला. हा तपशील सहसा गळतो. पण ऑक्टोबर १८७४ मध्ये मल्हाररावांना लक्ष्मीबाईंपासून मुलगा झालेला होता, त्यामुळे बाप गेला तरी गादी आपोआप रिकामी झाली नसती. संततीचा हक्क काढल्याशिवाय दत्तकापर्यंत बाण पोचतच नाही. उलट चालत आलात की असा तुटलेला दुवा लगेच टोचतो.

इथपर्यंत सोपं आहे. याच्या आणखी मागचा बाण मात्र बडोद्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस चुकीचा काढतो, आणि मीही काढला होता.

पहिल्या तक्त्यात मी लिहिलं होतं: ‘९ नोव्हेंबर १८७४. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष’, त्यातून जाड लाल बाण, आणि पुढे ‘मल्हारराव पदच्युत’. सुबक दिसत होतं. उद्घाटनाच्या दिवशी दांडिया बाजारातले एक वयस्कर वकील आले, चष्मा वर करून त्या बाणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हा बाण तुम्हाला कुणी दिला? सरकारने तर दिला नव्हता.” मला कळेना. त्यांनी शांतपणे सांगितलं की जाहीरनामा वाचून या. वाचला, आणि पुढच्या रविवारी जाऊन बाण उखडला.

काय झालं होतं ते पाहू. रेसिडेंट म्हणजे बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, आणि फेअर रोज सकाळी फिरून आल्यावर पपनसाचं सरबत घेत. त्या दिवशी दोन-तीन घोट घेतल्यावर त्यांना मळमळलं, त्यांनी उरलेलं फेकलं आणि पेल्याच्या तळाला गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांना त्यात सोमल हे विष आढळलं, मुंबईच्या तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड. संशय राजवाड्यावर गेला. जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली आणि २३ फेब्रुवारीपासून चौकशी आयोग बसला. सहा जण: अध्यक्ष सर रिचर्ड कौच, इंग्रजांपैकी मीड आणि मेल्व्हिल, आणि आपल्याकडचे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाईन आले. निकाल काय? तीन विरुद्ध तीन. तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं, तिघा हिंदी सदस्यांना तसं वाटलं नाही.

म्हणजे त्या चौकशीतून मल्हाररावांना काढायला आधार मिळालाच नाही. एप्रिलच्या जाहीरनाम्यात सरकारने स्पष्ट लिहिलं की हा निर्णय विषप्रयोग सिद्ध झाला असं धरून घेतलेला नाही. कारण दिलं ते कुख्यात गैरवर्तन, राज्याचा ढळढळीत गैरकारभार आणि आवश्यक सुधारणा करण्याची असमर्थता. तेव्हा ‘विष म्हणून पदच्युती’ असा बाण काढला तर खुद्द निर्णय घेणाऱ्यानेच नाकारलेलं कारण आपण भिंतीवर लावतो.

मग तो बाण काढूनच टाकायचा का? नाही. सरकारने दिलेलं कारण हेच खरं कारण असं धरणंही भाबडेपणाचं आहे. इथे कामाला येते ती उचलून पाहण्याची परीक्षा. एक कार्ड हातात धरा आणि विचारा, हे झालंच नसतं तर पुढचं कार्ड राहिलं असतं का? उत्तरं तीनच प्रकारची येतात: पुढचं घडलंच नसतं, घडलं असतं पण वेगळ्या वेळी, किंवा घडलं असतं पण वेगळ्या रूपात. लोक ‘कारण’ हा एकच शब्द या तिन्हींना वापरतात आणि मग वाद घालतात.

विषाचं कार्ड उचलून बघू. १८७३ च्या अखेरीस मीड यांच्या अध्यक्षतेखाली बडोद्याच्या कारभाराची चौकशी झाली होती. तिच्यावरून जुलै १८७४ मध्ये व्हॉइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मल्हाररावांना कळवलं की ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत कारभार सुधारा, नाहीतर आम्हाला पाऊल उचलावं लागेल. म्हणजे विषाच्या आधीच घड्याळ लागलेलं होतं आणि त्याला जवळजवळ सतरा महिन्यांची मुदत होती. विष नसतं तर मल्हारराव निदान १८७५ च्या अखेरपर्यंत गादीवर राहिले असते असं म्हणायला जागा आहे. त्यानंतर गेले असते की नसते हे त्या वर्षातल्या कारभारावर ठरलं असतं. आता कारभाराची बाजू उचला: मुदत नाही, चौकशी नाही, गाऱ्हाणी नाहीत, फक्त विषाचा संशय आणि तीन-तीन असा फुटलेला आयोग. एवढ्यावर राजा काढता आला असता का? मला कठीण वाटतं. म्हणून माझ्या दुसऱ्या तक्त्यात गैरकारभारातून पदच्युतीकडे जाड बाण आहे, तो ‘काय झालं’ हे सांगतो. विषातून निघणारा बाण अटक आणि आयोग यांच्यातून फिरून येतो आणि पदच्युतीच्या तारखेला टेकतो, घटनेला नाही. तो ‘केव्हा झालं’ हे सांगतो. दोन बाणांना दोन रंग पुरतात, खाली एक ओळ खुलासा.

या मुदतीवर जरा थांबतो, कारण तारखांच्या यादीत ती कधीच नीट दिसत नाही. यादीत ‘जुलै १८७४, इशारा’ एवढी एक नोंद येते. पण इशारा म्हणजे एक चालू राहणारी गोष्ट आहे, तिची पट्टी काढायला हवी: जुलै १८७४ पासून ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत लांब, फिकट. आणि १९ एप्रिल १८७५ ला ती कापलेली दाखवायची, कापल्यापुढचा भाग तुटक रेषेचा. न आलेली तारीख टाइमलाइनवर लावायला लोक कचरतात. पण मल्हारराव, फेअर, मुंबई सरकार, सगळे त्या तारखेकडे डोळे लावून वागत होते, म्हणजे ती तारीख १८७४ मध्येच काम करत होती. माझ्या तक्त्यापुढे लोक सगळ्यात जास्त वेळ थांबतात ते या रिकाम्या तुटक भागापाशी. “ही एवढी मुदत बाकी होती?” असं विचारतात, आणि हे विचारलं की त्यांना आपोआप विषाच्या कार्डाकडे परत जावं लागतं.

त्याच्या उलट प्रकार म्हणजे न घडलेली घटना. खंडेराव २८ नोव्हेंबर १८७० ला वारले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर तो वारस. मल्हारराव गादीवर बसले ते याच अनिश्चिततेत, आणि ५ जुलै १८७१ ला मुलगी झाली तेव्हा त्यांची गादी पक्की झाली. यादीत हे ‘जमनाबाईंना कन्यारत्न’ असं येतं, जणू घरगुती आनंदवार्ता. तक्त्यावर ते ‘मुलगा झाला नाही’ असं लिहावं लागतं, कारण परिणाम त्या न होण्याचा आहे. आणि याच कार्डातून दोन बाण निघतात. एक जवळचा: मल्हारराव कायम झाले. दुसरा खूप लांब, चार वर्षं ओलांडून जाणारा: खंडेरावांची विधवा निपुत्रिक राहिली, म्हणून १८७५ मध्ये त्यांच्या नावाने दत्तक घेता आला. हा लांब बाण मी सगळ्या कार्डांच्या वरून, कमानीसारखा काढतो, म्हणजे तो मधल्या गर्दीत अडकत नाही. तुमच्या जाळ्यातला निम्मा गुंता कदाचित अशाच एखाद्या लांब बाणाने झाला असेल.

आता दुसरा प्रश्न, संस्थान खालसा का झालं नाही. याला एकही ठिपका लावू नका. ही घटना नाही, ती वातावरणाची गोष्ट आहे. १८४८ मध्ये सातारा, १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी, या ठिकाणी राजा निपुत्रिक गेला की दत्तक नाकारून राज्य घेतलं गेलं. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने ते धोरण सोडलं आणि पुढे १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या, त्यात बडोदंही होतं. म्हणून तक्त्याच्या तळाशी, सगळ्याच्या खालून जाणारी एक रुंद पट्टी: ‘दत्तक मान्य, राज्य घ्यायचं नाही.’ तिच्यातून वर एकच बाण जातो, पदच्युती आणि दत्तक यांच्या मधल्या जागेत. उचलून पाहण्याची परीक्षा इथे फार चांगली दिसते, कारण ती कल्पनेने करावी लागत नाही. पट्टी नसताना काय होतं ते झाशीने दाखवलेलं आहे. तेच नेवाळकरांचं झाशी पट्टीच्या डाव्या टोकाबाहेर एका छोट्या कार्डावर लावा, मराठी वाचकाला बाकी समजावं लागत नाही.

पट्टी आणि ठिपका यांतला फरक असा ओळखायचा: ‘ते कुठल्या दिवशी घडलं?’ याला एक तारीख देता येते आणि तिच्यामुळे पुढे लगेच कुणीतरी काहीतरी केलं, तर ठिपका. तारीख सांगता येते, पण परिणाम वर्षानुवर्षं नुसता टिकून असतो, तर पट्टी. मल्हाररावांना खंडेरावांच्या हयातीत कटाच्या संशयावरून १८६३ पासून पादरा गावी नजरकैदेत ठेवलं होतं, तेही पट्टीच आहे. मी ती पहिल्या तक्त्यात ठेवली होती, दुसऱ्यात काढली. ती गोष्ट चुरचुरीत आहे, कैदेतला भाऊ एकदम राजा. पण ‘गादी रिकामी का झाली’ याच्याकडे तिच्यातून मला एकही बाण नेता आला नाही. ‘कैदेत होते म्हणून नंतर असे वागले’ हा बाण मनाचा आहे, त्याला कागद नाही.

नोव्हेंबर १८७४ चं काय करायचं हा व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि मोजमाप इथेच चुकतं. समजा तुमच्याकडे नऊ फूट कागद आहे, म्हणजे १०८ इंच. नोव्हेंबर १८७० ते डिसेंबर १८७५ असे बासष्ट महिने सारखे वाटले तर एका महिन्याला पावणेदोन इंचसुद्धा मिळत नाहीत. त्यात नोव्हेंबर १८७४ ची तीन कार्डं कशी बसणार? म्हणून मोजमाप तोडा. १८७० ते १८७३ या अडतीस महिन्यांना डावीकडचे २४ इंच द्या. तिथे नागमोडी रेघ मारून दाखवा की मोजमाप बदललंय. उरलेल्या ८४ इंचांत १८७४ आणि १८७५ चे चोवीस महिने, प्रत्येकी साडेतीन इंच. मुदतीचा तुटक भाग त्यात जवळजवळ अडीच फूट येतो. तो कार्डांनी भरू नका.

नोव्हेंबर मात्र साडेतीन इंचांतही मावत नाही. त्याच्या खाली भिंगासारखी वेगळी चौकट काढा आणि त्यात आडव्या तीन ओळी आखा: राजवाडा, रेसिडेन्सी, आणि वरचं सरकार. तीन तारखा पुरतात. २ नोव्हेंबर, राजवाड्याच्या ओळीत: मल्हाररावांचा व्हॉइसरॉयना खलिता की फेअर यांना बदला. ९ नोव्हेंबर, रेसिडेन्सीच्या ओळीत: सरबत. महिनाअखेर, वरच्या सरकारच्या ओळीत: फेअर यांच्या जागी सर लुईस पेली यांची नेमणूक.

ओळी आखल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. नुसत्या यादीत ‘विष’ आणि ‘फेअर गेले’ शेजारी शेजारी येतात आणि वाचणारा त्यांना जोडून टाकतो: विष झालं म्हणून फेअर यांना हलवलं. ओळींत पाहिलं तर आधीपासून राजवाड्यातून वर जाणारा एक बाण आहे, खलित्याचा. आणि जरा विचार करा, ज्या अधिकाऱ्यावर विषप्रयोग झालाय त्याला लगेच काढणं म्हणजे समोरच्याला हवं ते देणंच की. तरी काढलं. म्हणजे फेअर आणि दरबार यांचं आधीपासूनचं वाकडं वरच्या सरकारलाही नकोसं झालेलं असणार. फेअर मार्च १८७३ मध्ये आले तेव्हापासून मल्हाररावांशी त्यांचं पटलंच नव्हतं. म्हणून माझा मुख्य बाण खलित्यातून येतो, विषाचा बारीक येतो. हे माझं मत आहे आणि मी ते बाणावर तुटक रेषेने दाखवतो. सरळ रेघ म्हणजे कागदात कारण लिहिलेलं आहे, तुटक म्हणजे लावणाऱ्याचा अंदाज. तीन विरुद्ध तीन झालेल्या चौकशीच्या विषयात एवढा प्रामाणिकपणा ठेवायलाच हवा, नाहीतर आपण सातवे न्यायाधीश होऊन बसतो. त्याच कारणाने विषाच्या कार्डात येणारा बाण मी काढतच नाही. ते कुणी दिलं यावर आयोग फुटला, तिथे आपला बाण पोचत नाही. कार्डाच्या डाव्या बाजूला फक्त एक प्रश्नचिन्ह.

बाणावर वाक्य लिहा, हे राहिलं. नुसती रेघ कारण सांगत नाही. दोन कार्डांच्या मध्ये ‘नंतर’ लिहून वाचा, मग ते खोडून ‘म्हणून’ लिहून वाचा. ‘मीड यांचा अहवाल आला, नंतर इशारा गेला.’ ‘मीड यांचा अहवाल आला, म्हणून इशारा गेला.’ दुसरं बसतं. ‘दादाभाई नौरोजी दिवाण झाले, म्हणून मल्हारराव पदच्युत झाले.’ नाही बसत. दादाभाईंचं कार्ड सगळ्यांना हवंच असतं, थोर नाव आहे, १८७४ मध्ये ते इथे दिवाण होते. मग बाण उलटा करून बघा: मुदत मिळालेली होती आणि ती वापरायचा एक प्रयत्न त्यांच्या हातून चालू होता. म्हणजे दादाभाई मुदतीच्या पट्टीवर छोटी खूण म्हणून बसतात, स्वतंत्र ठिपका म्हणून नाही. असंच टी. माधवरावांचं. ते इंदूरची दिवाणगिरी सोडून इथे आले, पण गादी रिकामी झाल्यावर. आपल्या प्रश्नाच्या पलीकडे. त्यांना दुसरा तक्ता द्या, १८७५ ते २८ डिसेंबर १८८१, म्हणजे सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळेपर्यंत. तो विषय तितकाच चांगला आहे.

‘म्हणून’ बसलं की त्याच्या पुढे पाच-सात शब्द घाला: कुणाच्या हातून, कशामुळे. ‘म्हणून’ एकट्याने फसवूही शकतं. ‘आयोग फुटला म्हणून सरकारने कारण बदललं’ हे वाचायला बरोबर वाटतं, पण गैरकारभाराचं कारण आयोगाच्या वर्षभर आधीपासून कागदावर होतं. कारण बदललं नाही, दोनांपैकी एक बाजूला ठेवलं. बाणावर मी लिहिलंय: ‘आरोपावर एकमत नाही, म्हणून आधीचंच कारण पुढे.’

जाळं टाळायला एक साधा नियम पाळतो: एका कार्डात जास्तीत जास्त दोन बाण येऊ द्यायचे. तिसरा येऊ लागला की त्यातले दोन कुठेतरी आधीच एकत्र होत असतात आणि मधलं एक कार्ड आपण विसरलेलो असतो. पदच्युतीत मला चार बाण येत होते: गाऱ्हाणी, मीड यांची चौकशी, विष, आयोग. शोधल्यावर दिसलं की पहिले दोन मुदतीच्या पट्टीत मिळतात आणि पुढचे दोन अटकेतून जातात. राहिले दोन. माझ्याकडे शेवटी चौदा कार्डं आणि दोन पट्ट्या उरल्या होत्या. तुमच्याकडे बारा उरली तरी हरकत नाही. वीसच्या वर गेली तर समजा, दुसरा प्रश्न आत शिरलाय.

लावण्याआधी एक तपासणी करा. सगळ्या तारखांवर कोरी पट्टी चिकटवा आणि विषय माहीत नसलेल्या एखाद्याला, शेजारच्या नववी-दहावीतल्या पोराला, तक्ता मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही फक्त ऐकायचं. जिथे तो ‘मग’ म्हणतो तिथला बाण कच्चा आहे. जिथे ‘म्हणजे मग ते…’ असं म्हणून थांबतो आणि बोट मागे नेतो, तिथे बाण काम करतोय. माझ्या तक्त्यात एका मुलीने मुलाच्या जन्मापाशी बोट ठेवून विचारलं, “मग याला का नाही बसवलं?” तोवर मी संततीचा हक्क काढल्याचं लिहिलंच नव्हतं. आधी उलट चालत आलो असतो तर मलाच ते टोचलं असतं. त्या संध्याकाळी नवं कार्ड लिहिलं.

तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे हाच मुलगा का, याचं उत्तर लोक तोंडपाठ सांगतात: जमनाबाईंनी विचारलं कशाला आलात, आणि गोपाळराव म्हणाले राज्य करायला. आख्यायिका गोड आहे, वाचनालयात ती हवीच. पण खरी धरली तरी ती तीन भावांतून एकाच्या निवडीचं कारण होईल, गादी रिकामी होण्याचं नव्हे. तिला तक्त्याच्या शेजारी वेगळी चौकट द्या, बाण न लावता.

तारखांबद्दल एक बारीक सूचना: जाहीरनाम्यावरची तारीख आणि तो बडोद्यात वाचला गेला तो दिवस वेगळे असतात. परिणाम बडोद्यात दाखवायचा असेल तर बाण वाचल्यापासून निघायला हवा, निर्णय दाखवायचा असेल तर तारखेपासून. दोन्ही एका कार्डावर लिहू नका, नाहीतर कुणीतरी दुसऱ्या पुस्तकातली तारीख घेऊन तुमच्याशी भांडायला येईल, आणि दोघंही बरोबर असाल.

शेवटचं सामानाचं. तुम्ही गणपतीच्या आसपास लावणार असाल तर हवा दमट असते. बाणांसाठी लोकर घेतली तर दोन दिवसांत सैल पडते, साटीनची अर्धा इंची फीत ताठ राहते. कार्डं फेव्हिकॉलने चिकटवू नका, टाचण्या लावा. माझ्या पहिल्या तक्त्यावरचा तो लाल बाण चिकटवलेला होता, काढताना खालचा जाहीरनाम्याचा कागदच फाटला.